एका ओळीचं काज

अमेरिकेतल्या बार्बरा वॉकर यांचं 'अ सेकंड ट्रेझरी ऑफ निटिंग पॅटर्न्स' हे विणींच्या नमुन्यांचं पुस्तक १९७० साली आलं. त्यातलं एकाच ओळीत पुरं होणारं काज विणकाम करणाऱ्या बायका आजही त्यांच्याच नावाने ओळखतात. हे काज टाक्याटाक्याने उकलून पाहिलं की एक नवल दिसतं. त्याची खालची कड म्हणजे स्वेटर संपवण्याची रीत आणि वरची कड म्हणजे स्वेटर सुरू करण्याची रीत. स्वेटरचा आरंभ आणि शेवट एका बोटभर जागेत समोरासमोर येतात.

पुढून उघडणारा स्वेटर क्रिमियाच्या युद्धातल्या लॉर्ड कार्डिगन यांच्या नावावर चढला, ते सर्वश्रुत आहे. त्याच्या काजांची कुळकथा मात्र फारशी कोणी सांगत नाही.

प्रचलित समजूत अशी की विणलेलं काज शिंप्याच्या काजाचंच भावंड आहे. त्याला पुरावाही आहे. विसाव्या शतकाच्या मध्यावरच्या नमुन्यांत बटणपट्टीच्या मागे ग्रोग्रेन रिबन शिवायला सांगितलेली आढळते. रिबनला चीर देऊन दोन्ही थरांवरून काजटाका घालायचा. पण शिंप्याची युक्ती कापडात चालते ती ताणा-बाणा घट्ट असतो म्हणून. विणलेल्या पट्टीत सलग एकच धागा फासांतून फिरतो. काजाचं तोंड ओढलं की शेजारचे फास आपला धागा तिकडे सोडतात आणि भोक सैलावतं. मागची रिबन पट्टीची लांबी धरून ठेवते, पण फास घट्ट करणं तिच्या हाती नाही. काजटाका जास्त दाटीने घातला तर कड झालरीसारखी फुगते. म्हणून शिंपीवंशाचा दावा इथे लंगडा पडतो. घट्टपणा फासांतूनच यायला हवा, आणि वॉकर यांच्या काजात तो तसाच येतो.

१० सेंटिमीटरला २२ टाके बसतात अशी लोकर आणि १५ मिलिमीटरचं बटण धरू. एक टाका साडेचार मिलिमीटरचा, म्हणजे तीन टाक्यांचं काज पुरतं. सरळ बाजूने काजाच्या जागेपर्यंत विणत यावं. लोकर पुढे आणून एक टाका न विणता उजव्या सुईवर घ्यावा आणि लोकर मागे नेऊन तिथेच सोडावी. आता लोकरीला हात न लावता पुढचा टाका उजव्या सुईवर घ्यायचा आणि आधीचा त्याच्यावरून उतरवायचा, असं तीनदा. तीन टाके बंद झाले, तरी त्यांत नवी लोकर गेलीच नाही. म्हणूनच ही कड ताणली जात नाही, कारण सैल व्हायला तिच्याकडे जादा धागाच नसतो.

उरलेला शेवटचा टाका डाव्या सुईवर परत ठेवून काम उलटं फिरवायचं. सोडलेली लोकर दोन्ही सुयांच्या मधून मागे न्यायची. डाव्या सुईवरच्या पहिल्या दोन टाक्यांच्या मधून उजवी सुई घालून एक फास ओढायचा आणि डाव्या सुईवर चढवायचा. असे चार टाके घालायचे. बंद केले तीन, घातले चार. चौथा सुईवर चढवण्याआधी लोकर पुढे आणायची. काम पुन्हा सरळ फिरवून डावीकडचा पहिला टाका न विणता उजव्या सुईवर घ्यायचा आणि जादा टाका त्याच्यावरून उतरवायचा.

साऱ्या काजाचं मर्म या चौथ्या टाक्यात आहे. बंद-घाल अशा दोन ओळींत केलेल्या जुन्या काजाचा कोपरा हमखास उघडा पडतो. हा टाका शेजाऱ्यावरून उतरताना तोच कोपरा शिवल्यासारखा आवळतो. कोपऱ्यात भोक दिसलं तर जादा टाका उतरवायचा राहिला असं समजावं. काजाची वरची कड लाटेसारखी उभी राहिली तर नवे फास सैल पडले आहेत.

घट्ट काज म्हणजे तोंड न उघडणारं काज, असा अर्थ मात्र नव्हे. स्वेटरच्या पुढच्या कडेवरून टाके उचलून पट्टी विणली तर तिच्या ओळी कडेला समांतर जातात आणि काज उभं पडतं. बटण ओढतं आडवं, त्यामुळे ओढ थेट काजाच्या दोन कडांवर येते. पट्टी अरुंद घेऊन खालून वर विणली तर काज आडवं पडतं आणि बटण त्याच्या टोकाला जाऊन टेकतं. अंगासरशी बसणाऱ्या स्वेटरला ही दुसरी पट्टी सोयीची.

सुती धाग्यात लोकरीइतकी लवचीकता नसते. उतरवलेले टाके तिथे फार आवळतात आणि बटण अडतं. म्हणून सुती पट्टीत चार टाक्यांचं काज घ्यावं, वर पाच टाके घालावेत, आणि खरी पट्टी विणायच्या आधी नमुन्याच्या तुकड्यात तेच बटण दहा-बारा वेळा आत-बाहेर करून पाहावं.