ट्यूबवरचें नांव आणि ट्यूबमधला रंग

रंगाच्या ट्यूबवर दोन भाषा छापलेल्या असतात. एक मोठ्या अक्षरांतली, व्यापाऱ्याची. दुसरी बारीक अक्षरांतली, रसायनशास्त्रज्ञाची. जुन्या पेटींतल्या ट्यूबचा फोटो पाठवून ‘हा रंग कोणता, आणि टिकेल का?’ असें जो विचारतो, त्यानें बहुधा मोठ्या अक्षरांचाच फोटो काढलेला असतो; उत्तर मात्र बारीक अक्षरांत दडलेलें असतें. असें कां व्हावें, हें समजण्यास एकाच रंगाचा इतिहास पुरे आहे. तो रंग म्हणजे अलिझारिन क्रिमझन, चित्रकारांचा गर्द, किंचित् निळसर छटेचा लाल.

या रंगाचें मूळ खरोखरच एका मुळांत होतें. हॉलंडांत आणि फ्रान्समधील आव्हिन्याँच्या परिसरांत मॅडर नांवाच्या वनस्पतीची मोठी लागवड होत असे. आपली मंजिष्ठा हिचीच सख्खी बहीण. मॅडरच्या मुळांतला रंग पाण्यांत उतरवून तुरटीच्या साह्यानें पांढऱ्या भुकटीवर बसविला, कीं चित्रकाराच्या उपयोगाचा ‘लेक’ तयार होई. (हा लेक तळ्याचा नव्हे, आपल्या लाखेचा वंशज होय.) 1868 मध्यें ग्रेबे आणि लीबरमान या दोघां जर्मन रसायनज्ञांनीं मुळांतला मुख्य रंग, अलिझारिन, डांबरापासून निघणाऱ्या द्रव्यांतून बनवून दाखविला. पुढच्याच वर्षीं लंडनमध्यें त्यांच्या बाजूचा पेटंटचा अर्ज 25 जूनला दाखल झाला, आणि पर्किनचा 26 जूनला! थोड्याच वर्षांत मॅडरचीं शेतें ओस पडलीं. ट्यूबवरचीं नांवें मात्र राहिलीं. ‘मॅडर’ हा शब्द पुढें मूळ असो वा डांबर असो, दोहोंनाहि लावण्यांत येऊं लागला. नांवाचा आणि वस्तूचा संबंध तुटला तो येथें.

त्याच सुमारास दुसरा प्रश्न उभा राहिला. इंग्लंडांतील जलरंगचित्रें उजेडानें उडतात कीं नाहीं, यावर 1886 मध्यें वृत्तपत्रांतून मोठा वाद माजला. सरकारी सांगण्यावरून रसेल आणि कॅप्टन ॲब्नी या दोघांनीं रंगविलेल्या कागदाच्या पट्ट्या कांचेच्या नळ्यांत घालून दीर्घकाळ उन्हांत ठेवल्या, आणि 1888 मध्यें अहवाल दिला. त्यांत कारमाइन, म्हणजे किड्यांपासून काढलेला लाल, सर्वांत आधीं गेला. मॅडरचे रंग त्याहून अधिक काळ तगले. परंतु अहवालांतली अधिक मोलाची गोष्ट निराळी आहे. नळींतली हवा काढून घेतली असतां बहुतेक रंग टिकले. उजेड एकटा हें काम करीत नाहीं. हवा आणि ओल त्याला हात देतात. हें पुढें उपयोगी पडणार आहे, म्हणून वाचकांनीं ध्यानांत ठेवावें.

नांवांचा गोंधळ मिटविण्याचें काम चित्रकारांनीं नव्हे, कापड रंगविणाऱ्यांनीं केलें. ब्रॅडफर्ड येथील त्यांच्या सोसायटीनें 1924 मध्यें ‘कलर इंडेक्स’ नांवाची सूची प्रसिद्ध केली. पुढें तिच्यांतूनच आजचे संकेत निघाले. PR83 यांतील P म्हणजे रंगद्रव्य, R म्हणजे लाल, आणि 83 हा केवळ नोंदवहींतला अनुक्रमांक. तो प्रतवारीचा आकडा नव्हे. PR83 म्हणजे कृत्रिम अलिझारिन. NR9 म्हणजे मुळापासून काढलेला मॅडर. येथें N हें अक्षर नैसर्गिकतेचें. आणि ‘परमनंट अलिझारिन क्रिमझन’ या नांवाच्या ट्यूबवर पुष्कळदां PR206 आढळतें. हें क्विनाक्रिडोन जातीचें द्रव्य. म्हणजे ज्या ट्यूबच्या नांवांत अलिझारिन ‘टिकाऊ’ झालेलें दिसतें, तिच्यांत अलिझारिन मुळींच नाहीं!

आतां एक प्रत्यक्ष उदाहरण. माझ्या एका जुन्या विद्यार्थिनीनें वडिलांच्या रंगपेटींतल्या ट्यूबचा फोटो पाठविला. वडिलांनीं काढलेलीं पांचसहा जलरंगचित्रें तिच्या बैठकीच्या खोलींत, खिडकीसमोर टांगलेलीं आहेत. त्यांतल्या एका अपुऱ्या चित्राचें लुगडें याच ट्यूबनें पुरें करावें, असा तिचा मानस होता. फोटोंत लेबलावरची पट्टी विटकरी दिसत होती. तिकडे मी लक्ष दिलें नाहीं, कारण पिवळ्या दिव्याखालीं कोणताहि लाल विटकरी दिसतो, आणि छापलेली पट्टी म्हणजे आंतला रंग नव्हे. ‘14 ml’ हें माप जलरंगाच्या बाजूचें होतें. तैलरंगाची नेहमींची ट्यूब याच्या दुपटीहून मोठी, 37 किंवा 40 मिलिलिटरची असते. तोंडाशीं वाळलेल्या डिंकाची खपली होती, तेलाचा पिवळा ओघळ नव्हता. मोठें नांव ‘अलिझारिन क्रिमझन’. संकेत मात्र पुसट. PR83 कीं PR88, हें कळेना. दोन्ही द्रव्यें अस्तित्वांत आहेत, त्यामुळें अंदाज बांधणें धोक्याचें. PR88 हा जांभळट लाल, थायोइंडिगो जातीचा, आणि पुष्कळ अधिक टिकणारा. लेबल मागच्या बाजूनें, दिवसाच्या तिरप्या उजेडांत, जवळून टिपण्यास मीं सांगितलें. दुसऱ्या फोटोंत संकेताखालीं 58000 हा आकडा स्पष्ट आला. हा सूचींतला द्रव्याच्या रासायनिक घडणीचा क्रमांक, आणि तो अलिझारिनचा आहे. शंका फिटली.

त्याच लेबलावर ‘Series 1’ असें होतें, आणि तिनें ती पहिली प्रत समजली होती. ही चूक फार जण करतात. सीरीज हा किंमतीचा वर्ग आहे. त्याचा टिकण्याशीं कांहीं संबंध नाहीं. शेजारचें एकटें ‘B’ हें अक्षर मात्र कारखान्याच्या स्वतःच्या प्रतवारीचें होतें, आणि त्या प्रतवारींत AA व A यांच्या खालचें. कारखान्यानें ‘मध्यम टिकाऊ’ म्हटलें, तरी तो माल विकणाराचा शब्द. अमेरिकेंतील ए. एस. टी. एम. या मानकें ठरविणाऱ्या संस्थेची प्रतवारी रोमन आंकड्यांत असते. तिच्यांत I उत्कृष्ट, II चांगला, आणि त्याखालचे रंग टिकाऊ चित्रासाठीं नकोत. PR83 ला तैलरंगांत III आणि जलरंगांत IV अशी जागा मिळाली आहे. एकाच द्रव्याला दोन प्रती कां, याचें उत्तर रसेल-ॲब्नींच्या नळ्यांत आहे. तेलाच्या जाड थरांत कण हवेपासून झांकलेले असतात. जलरंगाच्या पातळ हातांत ते कागदावर जवळजवळ उघडे पडतात. म्हणून तेल कीं पाणी, हें आधीं ठरविल्यावांचून प्रतवारीचा आंकडा वाचूंच नये.

असा रंग गेला म्हणजे चित्राचें काय होतें, हें शिकागोच्या आर्ट इन्स्टिट्यूटमधील विन्स्लो होमरच्या 1887 च्या एका जलरंगचित्रांत दिसतें. त्यांतलें आकाश आज जवळजवळ कोरें आहे. संशोधकांनीं सूक्ष्म कण तपासले, तेव्हां तेथें मॅडर आणि कोचिनील यांचे लाल सांपडले. म्हणजे चित्रकारानें तेथें सूर्यास्त रंगविलेला होता.

फोटोनें येथवर येतां येतें, पुढें नाहीं. संकेत छापण्याची चाल 1980 नंतरच्या दशकांत रुळली. त्यापूर्वींच्या ट्यूबवर केवळ नांव असतें, आणि त्यावरून द्रव्य सांगणें म्हणजे ज्योतिष. अशा वेळीं रंगाचा पातळ हात कागदाच्या पट्टीवर द्यावा, अर्धी पट्टी ॲल्युमिनियमच्या वर्खानें झांकावी, आणि दक्षिणेच्या खिडकींत दोनतीन महिने ठेवावी. झांकलेल्या आणि उघड्या अर्ध्यांत फरक दिसला तर तो रंग चित्रांत वापरूं नये, मग ट्यूबवर कांहींहि छापलेलें असो.

विद्यार्थिनीला मीं कळविलें कीं, लुगडें PR206 नें पुरें करावें. छटा थोडी निराळी येईल, पण राहील. जुनी ट्यूब अभ्यासासाठीं ठेवावी. चित्रें त्याच दिवशीं खिडकीसमोरून काढून आंतल्या भिंतीवर न्यावीं, आणि चौकटी उघडून कडेखालचा कागद पाहावा. तिनें पाहिला. तीन चित्रांत चौकटीच्या कडेखालीं बोटभर रुंदीची लाल किनार शिल्लक होती. बाकीचें आभाळ राखी झालें होतें.