शीर्षकपृष्ठ आणि शेरा : सटीप संदर्भसूचीचा एक जुना धडा

सटीप संदर्भसूचीत दोन आवाज असू शकतात. एक ग्रंथ लिहिणाऱ्याचा किंवा विकणाऱ्याचा, दुसरा तो ग्रंथ वाचणाऱ्याचा. प्रबंधांना जोडलेल्या सूच्या चाळताना आम्हांस बहुधा पहिलाच आवाज ऐकू येतो. लेखाच्या आरंभीचा गोषवारा, मलपृष्ठावरील मजकूर किंवा प्रकाशकाच्या यादीतील चार ओळी जशाच्या तशा टिपेत उतरलेल्या असतात. या दोन आवाजांतील फरक मराठी ग्रंथव्यवहाराला नवा नाही. दीडशे वर्षांपूर्वीच्या सरकारी ग्रंथनोंदींत तो वेगवेगळ्या रकान्यांतच दिसतो.

1867 च्या पंचविसाव्या कायद्याने ब्रिटिश हिंदुस्थानात छापल्या जाणाऱ्या प्रत्येक पुस्तकाची नोंद करणे बंधनकारक झाले. नोंदीत काय असावे हे कायद्याने बारकाईने सांगितले होते. शीर्षकपृष्ठावरील मजकूर व त्याचे इंग्रजी भाषांतर, भाषा, कर्ता, विषय, छापखाना, पृष्ठे, आकार, आवृत्ती, प्रतींची संख्या, छापील की शिळाप्रेस आणि किंमत यांचा त्यात समावेश होता. अशा नोंदींच्या त्रैमासिक याद्या सरकारी गॅझेटातून प्रसिद्ध होत. म्हणजे कायद्याला हवे होते ते मुख्यतः उतरवून घेणे. तेथे पुस्तक उघडण्याची फारशी गरज नव्हती, पहिले पान पुरे होते.

प्रत्यक्ष याद्यांत मात्र शेवटी शेऱ्याचा एक रकाना आला. पुस्तकात खरोखर काय आहे, हे नोंद करणारा अधिकारी तेथे आपल्या शब्दांत लिहू लागला. रॉबर्ट डार्न्टन यांनी 2001 मध्ये बंगालच्या अशा याद्यांवर लिहिताना हे त्रोटक शेरे पुढे कसे विस्तारत गेले ते दाखवले आहे. शेरे लिहिणारे तटस्थ नव्हते. राज्यकर्त्यांना काय कळावे या हेतूने ते वाचत होते, आणि त्यांचे पूर्वग्रह जागोजागी दिसतात. तरीही आजच्या अभ्यासकाला शीर्षकपृष्ठाच्या भाषांतरापेक्षा हे शेरेच अधिक उपयोगी पडतात. शीर्षकपृष्ठ पुस्तकाची प्रतिज्ञा सांगते. ती वाचताना काय आढळले हे सांगतो तो शेरा, आणि त्याचा कोन ठाऊक असला की त्याच्या पूर्वग्रहाची वजाबाकीही करता येते. उतरवलेल्या मजकुरात अशी वजाबाकी करायला जागाच नसते, कारण तेथे वाचणारा कोणी नसतोच.

एक उदाहरण सविस्तर पाहू. बाबा पदमनजी यांचे 'यमुनापर्यटन' 1857 चे, म्हणजे या कायद्याच्या दहा वर्षे आधीचे. त्याचे उपशीर्षक 'हिंदुस्थानांतील विधवांच्या स्थितीचे निरूपण' असे आहे. आजच्या भाषेत हा लेखकाने स्वतःच दिलेला गोषवारा होय. तो उतरवून घेतला तर टीप अशी होईल : 'या ग्रंथात हिंदुस्थानातील विधवांच्या स्थितीचे निरूपण केले आहे.' यात असत्य काहीच नाही. परंतु ही टीप वाचणारा संशोधक पुस्तक केवळ सुधारणावादी लेखनात घालील आणि पुढे जाईल.

पुस्तक वाचून लिहिलेली टीप वेगळी होते : 'यमुना व तिचा पती विनायक यांच्या प्रवासाच्या निमित्ताने निरनिराळ्या विधवांच्या हकीकती गुंफलेली कथा. विनायकाच्या मृत्यूनंतर निरीक्षण करणारी यमुना स्वतःच विधवा होते. शेवटी तिचा ख्रिस्तीधर्मस्वीकार व पुनर्विवाह येतो. त्यामुळे विधवाप्रश्नाचे उत्तर येथे धर्मांतराशी जोडलेले आहे. लेखकाने स्वतः 1854 मध्ये ख्रिस्ती धर्म स्वीकारला होता. आरंभीची मराठी कादंबरी आणि मिशनरी लेखन या दोन्ही विषयांस उपयुक्त.' कथेचा शेवट उपशीर्षकात नाही, आणि नेमका तोच पुस्तकाचा अर्थ ठरवतो. लेखकाने तो लपवला असे मुळीच नाही. गोषवारा हा विषय सांगण्यासाठी असतो, आपल्या कामासाठी त्या पुस्तकाचे मोल ठरवणे हे त्याचे कामच नव्हे.

उसनी टीप ओळखणे अवघड नसते. तीत 'प्रस्तुत निबंधात' हे शब्द तसेच राहिलेले असतात. वास्तविक सूचीकाराच्या दृष्टीने प्रस्तुत निबंध म्हणजे त्याचा स्वतःचा! 'चर्चा करण्यात येईल' असा भविष्यकाळ असतो, कारण कित्येक गोषवारे लेख पूर्ण होण्यापूर्वी परिसंवादासाठी पाठवलेले असतात आणि त्यांत दिलेली वचने लेखात पाळली जातातच असे नाही. पृष्ठांक कोठेच नसतो. शब्द बदलूनही दोष जात नाही. 'निरूपण' काढून 'विवेचन' घातले तरी वाक्यांचा क्रम मूळचाच राहतो. उलट पारिभाषिक संज्ञा बदलू नयेत, त्या लेखकाच्याच ठेवाव्यात.

आम्हांस उपयोगी वाटलेली पद्धत साधी आहे. अनुक्रमणिका, प्रस्तावना, समारोप आणि आपल्या विषयाशी निगडित एक प्रकरण वाचावे, मग पुस्तक मिटावे. न पाहता चार गोष्टी लिहाव्यात : लेखकाचा प्रश्न कोणता, साधने कोणती, निष्कर्ष कोणता, आणि आपल्या प्रबंधाला त्याचा उपयोग किंवा त्याची मर्यादा कोणती. त्यानंतर पुस्तक पुन्हा उघडून नावे, सने आणि पृष्ठांक तपासावेत. गोषवारा वाचायचाच असेल तर तो सर्वांत शेवटी. तो आणि आपली टीप यांत जेथे विसंगती दिसेल, तेथे एकतर आपले वाचन चुकले आहे किंवा लेखाने दिलेला शब्द पाळलेला नाही. दोन्ही शक्यता तपासण्याजोग्या असतात. ग्रंथ हाती आलाच नसेल तर 'प्रत पाहिलेली नाही' एवढेच लिहावे. ही तीन शब्दांची टीप उसन्या दहा ओळींहून अधिक विश्वासार्ह असते.

अर्धापूर-नांदेडकडच्या संशोधकाला तर दुसरा मार्गच नाही. हा मुलूख 1948 पर्यंत निजामाच्या राज्यात होता. ब्रिटिश हिंदुस्थानचा कायदा येथे लागू नव्हता, म्हणून येथे छापलेले लेखन मुंबई इलाख्याच्या त्रैमासिक याद्यांत शोधून मिळणार नाही. पुढच्या काळातील साधनांनाही तयार गोषवारे नाहीत. मराठवाडा साहित्य परिषदेच्या 'प्रतिष्ठान'चे जुने अंक, महाविद्यालयांच्या स्मरणिका, ग्रंथांना जोडलेल्या प्रस्तावना यांचे सार कोणी आधी काढून ठेवलेले नाही. नांदेडच्या नरहर कुरुंदकरांनी रणजित देसाई यांच्या 'श्रीमान योगी'साठी लिहिलेली प्रस्तावना हे याचे ठळक उदाहरण. ती मुळात लेखकाला लिहिलेले दीर्घ पत्र आहे, आणि तिचा मोठा भाग कादंबरीपेक्षा शिवाजी महाराजांच्या ऐतिहासिक आकलनाशी झुंजतो. ग्रंथालयाच्या तालिकेत ती कादंबरीच्या नोंदीखाली दडून जाते. कुरुंदकरांच्या इतिहासदृष्टीवर काम करणाऱ्याने ती स्वतः वाचून, तिची स्वतंत्र नोंद करून, टीप लिहिली तरच ती पुढच्या अभ्यासकाला सापडेल.

न्यायमूर्ती रानडे यांनी 1898 मध्ये मराठी वाङ्मयाच्या वाढीचा आढावा घेतला, तेव्हा ग्रंथनोंदींच्या याद्यांचा त्यांना आधार झाला. ज्यांची नावेही आज कोणाला ठाऊक नाहीत अशा नोंदकारांच्या श्रमांवर एक वाङ्मयेतिहास उभा राहू शकला. आपल्या सूचीवरही उद्या कोणीतरी असाच विसंबणार आहे, आणि त्याला शीर्षकपृष्ठ कोठेही मिळेल. पुस्तक वाचलेल्या माणसाचा शेरा मात्र आपण लिहिला तरच मिळेल.