बोनसची मुदत

ऑनलाइन जुगारात मिळणाऱ्या बोनसची मुदत बहुधा तो खात्यात जमा होताच सुरू होते, पहिल्या डावापासून नव्हे. त्या मुदतीत ठरावीक रकमेच्या पैजा पूर्ण झाल्या नाहीत, तर बोनस आणि त्यातून जिंकलेली रक्कमही रद्द होते. स्वतः भरलेली रक्कम सहसा शिल्लक राहते. तरी त्याबाबतची अट आधी वाचावी.

समजा, १,००० रुपयांच्या बोनसवर ३० पट पैजांची अट असून मुदत ७ दिवसांची आहे. म्हणजे ३०,००० रुपयांच्या पैजा लावाव्या लागतील. खेळात चालकाचा वाटा ४ टक्के असेल, तर सरासरी तोटा १,२०० रुपये, म्हणजे बोनसपेक्षा जास्त. असा बोनस बुडू देणेच शहाणपणाचे. सहाव्या दिवशी २०,००० रुपयांच्या पैजा उरल्या असतील, तर पुढचा अपेक्षित तोटा ८०० रुपये. बोनसखात्यात त्याहून कमी उरले असेल, तर तिथेच थांबावे. आधी गेलेले पैसे या हिशेबात धरू नयेत. मुदत संपत आली की पैजा मोठ्या होतात, आणि कमाल पैजेची अट मोडली तर जिंकलेली रक्कम जप्त होऊ शकते.

भारतात २०२५च्या ऑनलाइन गेमिंग कायद्याने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी आहे. त्यामुळे इथे मोबाइलवर असा बोनस आला, तर मुदतीचा हिशेब मांडण्याचीही गरज नाही.