प्रेयसीचे नाव : त्रुबादूरांपासून कबुलीजबाबाच्या कवितेपर्यंत

बाराव्या शतकात दक्षिण फ्रान्समधील सरदारांच्या दरबारी त्रुबादूर नावाचे कवी प्रेमगीते रचीत. कवी स्वतःला सेवक मानी आणि प्रेयसीला स्वामिनी. ती बहुधा विवाहित असल्याने तिचे खरे नाव उच्चारणे हा तिचा द्रोह ठरे. म्हणून तिला ‘सेन्याल’, म्हणजे सांकेतिक नाव, दिले जाई. गुप्तता हे या भक्तीचे पहिले व्रत होते.

इटलीतील दान्तेने हे व्रत पुढे नेले. ‘व्हीता नुओव्हा’ या ग्रंथात तो सांगतो की, स्वर्गराणी मरियेचे स्तवन चालले असता तो बियात्रिचेकडे पाहत होता. मध्ये दुसरीच स्त्री बसली होती. लोकांना वाटले, त्याचे मन तिच्यावर जडले आहे. त्याने तो गैरसमज मुद्दाम जोपासला. पुढे अशाच दुसऱ्या आडोशामुळे लोकापवाद उठला आणि बियात्रिचेने त्याला अभिवादन करणे सोडले. तेव्हा दान्तेने ठरविले की, आपला आनंद तिच्या प्रतिसादात नव्हे, तर तिच्या स्तुतीतच शोधायचा. इ. स. १२९० मध्ये ती निवर्तली, तरी ही स्तुती थांबली नाही. निरपेक्ष प्रेमाचा हा उदय आहे. मात्र या ग्रंथात बियात्रिचे जवळजवळ मूकच आहे, हेही आम्हांस नमूद केले पाहिजे.

सुमारे सातशे वर्षांनी पडदा पूर्णपणे दूर झाला. अमेरिकन कवी रॉबर्ट लोवेल याच्या ‘लाइफ स्टडीज’ या संग्रहावर १९५९ मध्ये लिहिताना समीक्षक एम. एल. रोझेन्थाल यांनी अशा कवितेला ‘कबुलीजबाब’ म्हटले. लोवेल १९४१ मध्ये कॅथलिक झाला होता, पुढे त्याने ख्रिस्तसभा सोडली. त्यामुळे हा शब्द त्याला अपरिचित नव्हता.

१९७३ च्या ‘द डॉल्फिन’ मध्ये त्याने आपल्या घटस्फोटित पत्नीची, एलिझाबेथ हार्डविक यांची, खासगी पत्रे कवितेत वापरली, आणि तीही शब्द बदलून. कवयित्री एलिझाबेथ बिशप यांनी हस्तलिखित वाचून १९७२ मध्येच त्याला कळकळीने परावृत्त करण्याचा प्रयत्न केला होता. त्याने काही फेरफार केले. पत्रे मात्र राहिली. पुस्तकाला १९७४ चे पुलित्झर पारितोषिक मिळाले. हार्डविक यांची मूळ पत्रे २०१९ मध्ये प्रसिद्ध झाली, तेव्हा कुठे त्यांचे स्वतःचे शब्द वाचकांपर्यंत पोहोचले.

१२१५ च्या लॅटरन परिषदेने वर्षातून एकदा पापनिवेदन बंधनकारक केले आणि त्याच नियमात धर्मगुरूवर गुप्ततेचे बंधन घातले. प्रायश्चित्त संस्कारात मनुष्य स्वतःचे पाप सांगतो, शेजाऱ्याचे नव्हे. आमच्या मते, कबुलीजबाबाच्या कवितेची कसोटी इथेच आहे. स्वतःच्या उणिवा उघड करणारा कवी त्रुबादूरांहून अधिक सत्यनिष्ठ ठरू शकतो. परंतु दुसऱ्याचे दुःख त्याच्या संमतीविना उघडे करताच तो त्या जुन्या व्रताला मुकतो.