पासपोर्टच्या शिक्का-पानाचे अरबी भाषांतर

पासपोर्टच्या आतील पानांवरचे व्हिसा आणि प्रवेश-निर्गमनाचे शिक्के वाचून त्यांचा मजकूर अरबीत उतरवणे, आणि जे वाचता येत नाही ते तसे स्पष्ट नोंदवणे, असे हे काम आहे. शिरोली, गोकुळ शिरगाव भागातल्या फाउंड्रींत हात बसलेले मोल्डर, फिटर, टर्नर गल्फला जातात. त्यांच्या घरच्यांकडून किंवा एजंटांकडून कोल्हापुरात हे काम येते. आखाती देशांतल्या कचेऱ्यांत इंग्रजी सर्रास चालते, त्यामुळे नाव-पत्त्याच्या पानाचे भाषांतर दर वेळी लागत नाही. न्यायालयाची भाषा मात्र अरबी असते. थकलेला पगार, मुदत उलटून राहिल्याचा दंड अशा प्रकरणांत माणूस कोणत्या तारखेला देशात होता हाच प्रश्न असला, की शिक्क्यांची पाने पुढे येतात.

छायाचित्र. मूळ पासपोर्ट परदेशात असल्यामुळे भाषांतरकाराच्या हाती बहुधा फोटोच येतो, आणि तोही व्हॉट्सॲपवर. तिथेच अर्धे नुकसान झालेले असते. फोटो आकुंचित करताना उजेड-अंधाराचा तपशील बऱ्यापैकी टिकतो, रंगाचा तपशील मात्र अधिक खरवडला जातो. आणि एकावर एक बसलेले शिक्के वेगळे करण्याचा आधार रंग हाच असतो. म्हणून फोटो ‘डॉक्युमेंट’ म्हणून मागवावा. पान सपाट ठेवून, फ्लॅश न वापरता, खिडकीच्या तिरप्या उजेडात काढलेला फोटो चांगला. स्कॅन मिळत असेल तर 600 डीपीआयचा रंगीत घ्यावा. कृष्णधवल झेरॉक्सवरून हे काम करू नये.

शिक्के वेगळे करणे. फोटो-संपादनाच्या कोणत्याही चांगल्या प्रणालीत चित्राचे लाल, हिरवा आणि निळा असे तीन थर सुटे पाहता येतात. लाल थरात लाल शाई फिकी पडून कागदात विरते आणि निळी काळपट उठून दिसते. निळ्या थरात याच्या उलट होते. दोन्ही शिक्के एकाच शाईचे असतील तर या युक्तीचा उपयोग नाही. पुसट शाईसाठी कॉन्ट्रास्ट वाढवतात, पण त्याबरोबर पानावरची छापील नक्षीही वर येते आणि तिची रेघ आकड्याचा भाग वाटू लागते. पलीकडच्या पानावरची शाई झिरपली असेल तर ती उलटी, आरशातल्यासारखी दिसते. तिचा शिक्का म्हणून हिशेब धरू नये.

आकडे. आखाती शिक्क्यांवरचा मजकूर बऱ्याचदा मुळातच अरबी असतो. तिथे भाषांतर नसून नक्कल करायची असते, आणि चुका याच भागात सर्वाधिक होतात. अरबी शून्य (٠) म्हणजे नुसता ठिपका. शाई पुसट असली की तो नाहीसा होतो, आणि कागदावर डाग असला की नसलेले शून्य उगवते. दोन (٢) आणि तीन (٣) यांत एका दात्याचा फरक, तो घाईत मारलेल्या शिक्क्यात बुजतो. पाच (٥) इंग्रजी शून्यासारखा दिसतो. सर्वांत फसवे सात (٧) आणि आठ (٨) : शिक्का उलटा बसला तर एकाचा दुसरा होतो. म्हणून आकडे वाचण्याआधी दुखूल (دخول, प्रवेश) किंवा खुरूज (خروج, निर्गमन) हे शब्द शोधून शिक्क्याची वरची बाजू ठरवावी. सौदी शिक्क्यांवर हिजरी तारीख आढळते. मजकुरात ती हिजरीच ठेवावी. ईसवी रूपांतर द्यायचेच तर तळटिपेत द्यावे, कारण पंचांगाप्रमाणे त्यात एका दिवसाचा फरक पडू शकतो.

उदाहरण. एका पानावर तीन शिक्के आहेत असे धरू. निळा शिक्का मुंबई विमानतळावरून निघाल्याचा, त्यावर अंशतः चढलेला लाल शिक्का दुबईतल्या प्रवेशाचा, आणि कडेला तिसरा, ज्याची फक्त कमान आणि दोन अक्षरे उमटली आहेत. लाल थरात निळा शिक्का स्वच्छ वाचता येतो : 27 फेब्रुवारी 2017. निळ्या थरात लाल शिक्का दिसतो, पण तो उलटा आहे. पान फिरवल्यावर दुखूल हा शब्द, महिना आणि वर्ष लागते. दिवसाचा दशकाचा आकडा दोन आहे. एककाच्या जागी दोन तिरप्या रेघा दिसतात, पण त्या जिथे मिळायच्या तिथे निळ्या शिक्क्याची जाड चौकट आडवी आली आहे. टोक खाली असेल तर सात, वर असेल तर आठ. फोटोत टोकच सापडत नाही. मुंबई-दुबई प्रवास साधारण तीन तासांचा, त्यामुळे रात्री उशिरा निघालेला माणूस त्याच दिवशी उतरला की दुसऱ्या, हे निर्गमनाच्या शिक्क्यावरून ठरत नाही. अर्थात ते ठरले असते तरी तो भाषांतरकाराचा तर्क ठरला असता, शिक्क्याचा मजकूर नव्हे. त्याची जागा तळटिपेत.

नोंद कशी करावी. न वाचलेला भाग चौकटी कंसात लिहितात :

```
[ختم غير مقروء]
[ختم مقروء جزئياً]
```

पहिली ओळ संपूर्ण न वाचता येणाऱ्या शिक्क्यासाठी, दुसरी अंशतः वाचलेल्यासाठी. वरच्या उदाहरणात न कळलेल्या एककासाठी ‘2’पुढे प्रश्नचिन्ह टाकण्याचा मोह होतो. तो टाळावा. अरबी ओळ उजवीकडून डावीकडे जाते, तिच्यातले आकडे मात्र डावीकडून उजवीकडे वाचले जातात. अरबी प्रश्नचिन्ह (؟) ओळीच्या दिशेने सरकते आणि दोनच्या डावीकडे जाऊन बसते. मग एककाचा अज्ञात आकडा दशकाचा होतो, आणि ‘वीस ते एकोणतीसमधला दिवस’ याचे ‘दोन, बारा किंवा बावीस’ असे होऊन बसते. टंकलेखकाच्या पडद्यावरही हे सहज लक्षात येत नाही. म्हणून शब्दांत लिहावे :

```
العشرات: ٢، والآحاد غير مقروءة
```

म्हणजे ‘दशक 2, एकक वाचता येत नाही’. सात किंवा आठ असण्याची शक्यता तळटिपेत द्यावी. तिरप्या रेघा देऊन लिहिलेल्या तारखांचे भागही अरबी ओळीत जागा बदलू शकतात. महिना नावाने लिहिला की हा घोळ उरत नाही. आखातात मार्चला ‘मारिस’ म्हणतात, शाम प्रदेशातले ‘आधार’ हे नाव तिथल्या कागदात वापरू नये.

पानाच्या आरंभी एकूण शिक्के किती आणि त्यांतले न वाचलेले किती हे लिहावे. आकडा नसेल तर गाळलेला शिक्का आणि नसलेला शिक्का यांत भेद राहत नाही. ‘वर उजवीकडे’ असे स्थान सांगताना ते मूळ पानावरचे धरावे, आणि भाषांतर फोटोवरून केले, मूळ पाहिले नाही, हेही शेवटी नमूद करावे.

नावे. अरबीत प, च, ट, ळ नाहीत. पाटीलचे ‘बातील’ आणि कोल्हापूरचे ‘कूल्हाबूर’ होते. त्या माणसाच्या जुन्या व्हिशावर किंवा ओळखपत्रावर जे अरबी रूप असेल तेच कायम ठेवावे, मग ते उच्चाराला कितीही दूरचे असो.

मान्यता. भारतात शपथबद्ध भाषांतरकारांची वेगळी वैधानिक व्यवस्था नाही. नोटरीचा शिक्का चालवून घेतला जातो. अमिरातीच्या न्यायालयांत तिथल्या न्याय मंत्रालयाकडे नोंद असलेल्या भाषांतरकाराचे काम लागते, त्यामुळे कोल्हापुरात केलेला मसुदा तिथे आधार म्हणूनच वापरला जातो. ओमान, बहारीन आणि सौदी अरेबिया हेग ॲपोस्टील करारात आहेत. अमिरातीसाठी दूतावासाच्या साक्षांकनाची वाट धरावी लागते.

सद्यःस्थिती. अमिरातीने 2022 मध्ये पासपोर्टवर निवास-व्हिसा चिकटवणे थांबवले आणि सौदी अरेबियाने 2023 मध्ये भारतीयांसाठी क्यूआर-कोडचा व्हिसा आणला. त्यामुळे या कामात आता जुनी, रद्द झालेली पुस्तकेच अधिक येतात. नवा पासपोर्ट घेताना कोपरा कापून परत मिळालेले जुने पुस्तक टाकून देऊ नये.