मोठ्या आतड्याचं दुसरं दार : मद्रासची पटकी आणि वेल्लोरचा प्रयोग

आजची गोष्ट सुरू होते ऑक्टोबर 1992 मध्ये, मद्रास शहरात. तेव्हा त्याचं नाव चेन्नई झालेलं नव्हतं. शहरात पटकीची साथ आली होती. पटकी, म्हणजे कॉलरा, मद्रासला नवी नव्हती. पण रुग्णांच्या शौचातले जंतू तपासले, तर ते नेहमीच्या ओळखीत बसेनात. जगभरात पटकीची साथ पसरवणारा जंतू तोवर एकाच गटाचा असे, ओ-1 गटाचा. हा त्या गटातला नव्हता. पुढे त्याला ओ-139 असा क्रमांक मिळाला. मद्रासनंतर तो मदुराई, वेल्लोर, कलकत्ता असा फिरत थेट बांगलादेशात पोचला. बंगालच्या उपसागराच्या काठाने पसरला, म्हणून त्याला 'बेंगॉल' हे आडनावही चिकटलं.

जुन्या पटकीला सरावलेल्या मोठ्या माणसांनाही या नव्या जंतूने गाठलं. उपचार मात्र जुनेच होते आणि ते लागूही पडत होते. शिरेतून सलाइन, आणि रोगी पिऊ लागला की जलसंजीवनी. पण या जलसंजीवनीत एक उणीव होती. तिच्यावर काम करणारी माणसं मद्रासपासून सुमारे 140 किलोमीटर पश्चिमेला, वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात बसली होती. आजचा विषय ती उणीव आणि तिच्यावर सापडलेला उपाय.

आधी पटकी काय करते ते पाहू. कलकत्त्याच्या शंभूनाथ डे यांनी 1959 मध्ये दाखवलं, की हा जंतू आतड्याला भोकं पाडत नाही, तो एक विष सोडतो. त्या विषामुळे लहान आतड्याच्या पेशींमध्ये सायक्लिक एएमपी नावाचा एक निरोप्या बेसुमार वाढतो. मग पेशी क्षार आणि पाणी आतड्यात ओतत सुटतात, आणि मीठ आत घेण्याचा नेहमीचा रस्ता बंद पडतो. तीव्र पटकीत ताशी लिटरभर पाणी जाऊ शकतं.

पण मिठाचा एक रस्ता हे विष बंद करू शकत नाही. साखर, म्हणजे ग्लुकोज, पेशीत शिरताना सोडियमला सोबत घेऊन जातं, आणि त्यांच्यामागे पाणी जातं. जलसंजीवनी उभी आहे ती या एकाच रस्त्यावर. 1971 साली, बांगलादेश युद्धाच्या वेळी, डॉ. दिलीप महालनबीस यांनी बनगावच्या निर्वासितांना हे साखर-मिठाचं पाणी ड्रमांतून पाजलं. तिथला मृत्युदर तीस टक्क्यांच्या आसपास होता, तो चारच्या खाली आला.

मग उणीव कोणती? जलसंजीवनी माणूस वाचवते, जुलाब थांबवत नाही. गेलेलं पाणी ती भरून काढते, पण शौचाचं प्रमाण आणि दिवस जवळपास तेवढेच राहतात. त्यामुळे आईला वाटतं, पाणी पाजतेय तरी पोर तसंच हगतंय, याचा काही उपयोग नाही. आणि ती पाजणं थांबवते. दोष उपचाराचा नसतो, पण नुकसान खरंच होतं.

वेल्लोरच्या डॉ. बी. एस. रामकृष्ण यांनी नजर वळवली ती मोठ्या आतड्याकडे. पटकीत सगळा गोंधळ लहान आतड्यात. तिथून पाणी खाली येतं ते मोठ्या आतड्यात. निरोगी माणसाच्या मोठ्या आतड्यात दिवसाला दीड-दोन लिटर पाणी उतरतं आणि शौचावाटे जेमतेम शंभर-दोनशे मिलिलिटर बाहेर पडतं. बाकीचं शोषलं जातं. गरज पडली तर हे आतडं दिवसाला चार-पाच लिटरही शोषू शकतं. एवढी मोठी टाकी घरात असताना ती जुलाबात कामाला का येत नाही, हा खरा प्रश्न.

त्याचं उत्तर मोठ्या आतड्यातल्या वस्तीत आहे. तिथे असंख्य जिवाणू राहतात आणि त्यातल्या बहुतेकांना हवा चालत नाही. लहान आतड्यात न पचलेलं पिष्ट आणि कोंडा त्यांच्यापर्यंत पोचतो आणि ते तो आंबवतात. इडलीचं पीठ आंबतं तेव्हा आम्ल आणि वायू तयार होतात, तसंच इथेही. या आंबण्यातून तीन छोटी आम्लं मिळतात : ॲसिटेट, प्रोपिओनेट आणि ब्युटिरेट. पहिलं व्हिनेगरमधलं. तिसऱ्याचं नाव लोण्यावरून पडलं, कारण खवट लोण्याचा वास त्याचाच. या तिघांना मिळून लघुशृंखल मेदाम्लं म्हणतात.

ही आम्लं वाया जात नाहीत. 1980 मध्ये रोडिगर यांनी दाखवलं, की मोठ्या आतड्याच्या अस्तरातल्या पेशी आपली बरीचशी ऊर्जा ब्युटिरेट जाळून मिळवतात. शरीरातल्या बऱ्याच पेशी रक्तातल्या साखरेवर जगतात, या पेशी मात्र जिवाणूंच्या हातचं खातात. 1989 मध्ये येल विद्यापीठाच्या हेन्री बाइंडर आणि मेहता यांनी उंदराच्या आतड्यावर आणखी एक गोष्ट दाखवली. ही आम्लं पेशीत शिरतात तेव्हा सोडियमही आत ओढलं जातं, आणि सोडियममागे पाणी. पुढच्या कामातून कळलं, की सायक्लिक एएमपी वाढलं तरी हे दार उघडंच राहतं. म्हणजे ग्लुकोजसारखंच, पटकीच्या विषाला बंद न करता येणारं दुसरं दार. फक्त ते खालच्या मजल्यावर.

मग जुलाबात ते दार का चालत नाही? रामकृष्ण आणि व्ही. आय. माथन यांनी 1993 मध्ये 'गट' या नियतकालिकात याचं उत्तर छापलं. तीव्र जुलाबाच्या रुग्णांच्या शौचात ही आम्लं पहिल्या दिवशी फारच कमी होती. रुग्ण बरा होत गेला तसतशी ती वाढली. कारण सरळ आहे. पाण्याच्या लोंढ्यात जिवाणूही वाहून जातात, आणि त्यांचं अन्नही. पोटात अन्न नाही, तर आंबवायचं काय? पुढे त्यांनी रुग्णांच्या गुदाशयात द्रावणाची छोटी पिशवी ठेवून पाण्याची ये-जा मोजली. पाणी शोषणं बिघडलेलं होतं. त्याच द्रावणात ही आम्लं घातली, तेव्हा शोषण परत सुरू झालं. म्हणजे दार शाबूत होतं, किल्ली नव्हती.

आम्लं थेट पाजून भागत नाही, ती वरच शोषली जातात. जिवाणूंना कच्चा माल द्यायला हवा, आणि तोही असा, की लहान आतड्याच्या तावडीतून सुटून खाली पोचेल. साधं शिजवलेलं पिष्ट वरच पचून जातं. पण मक्याच्या एका खास वाणात अमायलोज नावाच्या सरळ साखळ्या जास्त असतात. त्या इतक्या घट्ट बसलेल्या असतात, की अमायलेज हे पाचक द्रव्य त्यांना नीट तोडू शकत नाही. हे न पचणारं पिष्ट.

मग वेल्लोरला चाचणी झाली. पटकीचे 48 रुग्ण, किशोरवयीन आणि प्रौढ. सोळा-सोळाचे तीन गट. एकाला नेहमीची जलसंजीवनी. दुसऱ्याला तीच, पण लिटरमागे 50 ग्रॅम तांदळाचं पीठ घातलेली. तिसऱ्याला लिटरमागे 50 ग्रॅम हे मक्याचं न पचणारं पिष्ट घातलेली. मग काम वजनकाट्याचं : प्रत्येकाचं शौच बारा-बारा तासांनी तोलायचं.

निकाल फेब्रुवारी 2000 मध्ये 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये आला. बारा ते चोवीस तासांच्या टप्प्यात नेहमीच्या गटाचं सरासरी शौच 3251 ग्रॅम होतं, मक्याच्या पिष्टाच्या गटाचं 2206. पुढच्या बारा तासांत 2621 विरुद्ध 1810. या दोन टप्प्यांची बेरीज केली, तर माणशी पावणेदोन किलोहून जास्त फरक पडतो. तेवढं पाणी शरीरातच राहिलं. जुलाब टिकला नेहमीच्या गटात सरासरी 90.9 तास, तांदळाच्या पिठाच्या गटात 70.8, आणि मक्याच्या पिष्टाच्या गटात 56.7. जवळजवळ दीड दिवसाची सुटका.

या आकड्यांत एक बारीक गोष्ट आहे. फरक दिसला तो बारा तासांनंतर. पिष्ट खाली पोचायला आणि जिवाणूंनी ते आंबवायला वेळ लागतो, हे त्याच्याशी जुळतं. मर्यादाही त्याच पानावर होत्या. मक्याच्या पिष्टाच्या गटाच्या शौचात पिष्ट जास्त सापडलं, सरासरी 32.6 ग्रॅम, नेहमीच्या गटात 11.7. म्हणजे दिलेल्या मालातला काही भाग जिवाणूंच्या हाती लागण्याआधीच वाहून गेला. आणि रुग्ण फक्त 48 होते.

पुढे लहान मुलांवर आणि इतर जुलाबांच्या प्रौढ रुग्णांवरही वेल्लोरच्या गटाने चाचण्या केल्या आणि जुलाब लवकर थांबतो असं दिसलं. बांगलादेशात रब्बानी आणि सहकाऱ्यांनी लांबलेल्या जुलाबाच्या बाळांना शिजवलेली हिरवी केळी देऊन चांगला निकाल मिळवला. कच्च्या केळ्यातलं पिष्टही बरंचसं न पचणारंच. पण औषधाच्या दुकानात मिळणारी पुडी बदलली नाही. 2002 पासूनच्या पुडीत लिटरला साडेतेरा ग्रॅम ग्लुकोज आणि 2.6 ग्रॅम मीठ असतं, सोबत पोटॅशियम क्लोराइड आणि सायट्रेट. पिष्ट नाही. ग्लुकोज पाण्यात मुकाट विरघळतं. पिष्ट तळाशी बसतं, ढवळत राहावं लागतं. आणि प्राण वाचवण्याचं मुख्य काम ग्लुकोजची पुडी चोख करतेच.

रामकृष्ण नंतर वेल्लोरहून चेन्नईत आले. त्याच शहरात घरोघरी रात्री भातात पाणी घालून ठेवतात आणि सकाळी ताकाबरोबर खातात, त्याला 'पळैय सोरु' म्हणतात. आपला पाण्यातला शिळा भात त्याचा सख्खा भाऊ. शिजलेला भात थंड झाला, की त्यातलं थोडं पिष्ट पुन्हा घट्ट बसतं आणि पचायला कठीण होतं. पण थोडंच. चाचणीतल्या लिटरमागच्या 50 ग्रॅमशी त्याची बरोबरी नाही. म्हणून जुलाब झालेल्या माणसाला शिळा भात देऊन जलसंजीवनी बंद करू नका. डोळे खोल गेले, लघवी थांबली, रोगी सुस्त पडला, तर घरचे उपाय बाजूला ठेवून दवाखाना गाठा.

मात्र पाणी पाजूनही जुलाब थांबत नाही म्हणून कोणी ग्लास बाजूला ठेवत असेल, तर त्या घरात ही गोष्ट सांगा. वरच्या दाराने पाणी आत जातंय, तेवढ्यावर माणूस तगतो. खालचं दार उघडायला जिवाणूंना अन्न लागतं आणि थोडा वेळ लागतो. म्हणून पाजणं चालू ठेवायचं, आणि रोगी खाऊ लागला की पेज-भातही बंद ठेवायचा नाही.