ब्रेडचा चुरा व क्रुटॉन

शिळ्या ब्रेडपासून केलेले दोन टिकाऊ पदार्थ. ब्रेड वाळवून दळला की चुरा (ब्रेडक्रम्स) मिळतो. तो कटलेट, पॅटिस, तळलेली मासळी यांच्या बाहेरच्या थरासाठी, तसेच सारण बांधून घेण्यासाठी वापरतात. ब्रेडचे चौकोनी तुकडे तेलातुपात कुरकुरीत केले की क्रुटॉन होतात. ते सूपमध्ये आणि सॅलडवर घालतात. दोन्हींच्या कृती सहसा ‘शिळा, म्हणजे वाळलेला ब्रेड घ्या’ एवढ्या वाक्याने सुरू होतात आणि पुढचे बहुतेक बिघाड याच समजुतीतून होतात, कारण शिळा ब्रेड आणि वाळलेला ब्रेड या दोन वेगळ्या वस्तू आहेत.

फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ बूसँगो यांनी 1852 मध्येच दाखवले होते की ब्रेड हवाबंद ठेवला आणि त्यातले पाणी जराही कमी झाले नाही, तरी तो शिळा होतो. उलट तोच पुन्हा 70 अंश सेल्सिअसच्या आसपास तापवला तर बराचसा मऊ होतो. भाजताना पाणी पिऊन फुललेला पिठातला स्टार्च ब्रेड थंड झाल्यावर हळूहळू पुन्हा घट्ट रचनेत बसू लागतो. त्यामुळे स्लाइस कडक आणि भुसभुशीत लागते, पण पाणी आतच असते. ही क्रिया फ्रिजच्या थंडाव्यात सर्वांत वेगाने होते. म्हणून फ्रिजमधला कडक ब्रेड ‘वाळला’ असे वाटते, पण पिशवी बंद असेल तर तो जवळजवळ पहिल्याइतकाच ओला असतो. साध्या पांढऱ्या सँडविच ब्रेडमध्ये वजनाच्या सुमारे 36 ते 38 टक्के पाणी असते. महिनाभर टिकणाऱ्या चुऱ्यात ते 6–7 टक्क्यांच्या वर नसावे. हे अंतर शिळेपणा कापत नाही, ते मुद्दाम वाळवूनच कापावे लागते.

मग शिळाच ब्रेड का घ्यायचा, हा आक्षेप रास्त आहे. ताजा ब्रेडही वाळतो. फरक पडतो तो कापताना: शिळ्याचा गर घट्ट झालेला असल्याने सुरीखाली चेपत नाही, क्रुटॉनच्या कडा सरळ येतात आणि ते तेलही बेताने पितात. चुऱ्यापुरते पाहिले तर शिळेपणाचा फायदा थोडाच, तिथे हेतू मुख्यतः उरलेला ब्रेड वाया न घालवण्याचा असतो. मात्र ‘शिळा’ याचा अर्थ ‘बुरसटलेला’ नव्हे. हिरवा ठिपका कापून उरलेली स्लाइस वाळवणे धोक्याचे आहे, कारण बुरशीचे धागे न दिसता आत पसरलेले असतात आणि काही बुरशींची विषे भट्टीच्या उष्णतेतही टिकतात. उकाड्यात ब्रेडला अतिपिकलेल्या फळासारखा गोडसर वास आला आणि गर तोडताना चिकट तार सुटली, तर तो जिवाणूंनी नासलेला असतो. त्यांचे बीजाणू भाजण्यातून वाचणारे असल्याने असा ब्रेडही टाकूनच द्यावा.

वाळवण्यासाठी ओव्हन 100 ते 120 अंशांवर ठेवून स्लाइसचे तुकडे एका थरात पसरावेत आणि मधून एकदा उलटावेत. जाडीनुसार पाऊण ते सव्वा तास लागतो. आच वाढवून वेळ वाचवण्याचा मोह इथे नडतो. 150 अंशांच्या वर बाहेरचा भाग तांबूस होऊन जातो आणि मधला गर दमटच राहतो. शिवाय असा आधीच लाल झालेला चुरा कटलेटवर लावून तळला की सारण गरम होण्याआधी काळा पडतो. ओव्हन नसेल तर जाड तव्यावर अगदी मंद आचेवर, पुन्हापुन्हा उलटत हेच काम होते. लक्ष मात्र जास्त द्यावे लागते. उन्हाचे काय? विदर्भ-मराठवाड्यातल्या कोरड्या एप्रिल-मेमध्ये ऊन पुरते. कोकणात किंवा मुंबईत पावसाळ्यात पुरत नाही, कारण ब्रेड भोवतालच्या हवेशी जुळेल इतके पाणी धरून ठेवतो आणि त्या दमट हवेत तो कितीही दिवस पसरला तरी साठवण्याइतका कोरडा होत नाही.

वाळला की नाही हे बोटांनी ठरवण्यापेक्षा काट्यावर ठरवणे बरे. समजा पिशवीतून काढलेल्या स्लाइसचे वजन 250 ग्रॅम आहे. त्यात सुमारे 95 ग्रॅम पाणी आणि 155 ग्रॅम कोरडा भाग. 6 टक्के पाणी राहू द्यायचे तर शेवटचे वजन साधारण 165 ग्रॅम, म्हणजे मूळच्या दोन तृतीयांश, व्हायला हवे. 185 वर थांबलात तर स्लाइस हातात कटकन मोडेल, पण त्यात सरासरी 16 टक्के पाणी उरलेले असेल. उघड्यावर राहिलेल्या पावाला हा हिशेब लागू नाही, कारण त्याचे किती पाणी आधीच उडाले ते ठाऊक नसते. त्याच्यासाठी दुसरी कसोटी आहे: पूर्ण थंड झालेले तुकडे घट्ट झाकणाच्या काचेच्या बरणीत रात्रभर ठेवावेत. सकाळी कडा लवचिक झाल्या असतील तर मधला ओलावा बाहेर आला असे समजून पुन्हा वाळवावे.

दळण्याचे यश या आधीच्या टप्प्यावरच अवलंबून असते. ओला ब्रेड मिक्सरच्या भांड्यात गोळे करतो, गरम ब्रेडची वाफ झाकणाला धरून चुऱ्यात उतरते. म्हणून तुकडे निवल्यावर भांडे अर्धेच भरून थांबत-थांबत फिरवावे आणि चाळावे. बारीक चुरा सारणात मिसळायला व गुळगुळीत थरासाठी, जाडसर चुरा कुरकुरीत थरासाठी वेगळा ठेवावा. बाजारचा टोस्ट दळण्याची पळवाट बहुतेकांना माहीत असते. तो पुरेसा वाळलेला असतो हे खरे, पण त्यातल्या साखरेने थर लवकर करपतो आणि वेलचीचा वास मासळीशी जमत नाही. दुसरीकडे, न वाळवता दळलेला मऊ चुरा ही चूक नव्हे: कटलेटचे सारण बांधायला तोच चांगला. फक्त त्याची जागा फ्रीझरमध्ये, डब्यात नव्हे.

साठवणीत चुरा आणि क्रुटॉन यांच्या वाटा वेगळ्या होतात. कोरडा, बिनतेलाचा चुरा घट्ट बरणीत महिनाभर सहज राहतो. बरणी हलवल्यावर गाठी दिसल्या तर ओल शिरली आहे. क्रुटॉनमध्ये मात्र तेल असते. दीड-दोन सेंटिमीटरचे तुकडे आधी मंद आचेवर वाळवून, मग 100 ग्रॅम वाळलेल्या तुकड्यांना दोन मोठे चमचे तेल चोळून 170 अंशांवर आठ-दहा मिनिटे रंग येईतो भाजले तर ते आतपर्यंत कोरडे राहतात. थेट तेलात परतलेले, बाहेर कडक आणि आत मऊ क्रुटॉन चवीला सरस असू शकतात, पण आतले पाणी काही तासांत कवचाकडे येते, म्हणून ते त्याच जेवणासाठी करावेत. वाळवलेल्यांचीही मुदत दोन आठवड्यांच्या आसपास धरावी, कारण पाणी नसले तरी हवेने तेल खवट होते. नरम पडलेला क्रुटॉन पाच मिनिटे ओव्हनमध्ये ठेवून पुन्हा कुरकुरीत करता येतो, पण जुन्या तेलाचा वास आलेला भाजूनही सुधारत नाही.